रफूमास्तरांची नखं

रफूमास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच थाप मन लावून मारली, आणि ती त्यांच्याच पायांनी उघडी पाडली.

रफूच्या दुकानात खिडकीजवळची जागा तीस वर्षं त्यांची. फाटक्या कापडातला एकेक धागा नखाने उचलून ते भोक असं बुजवत, की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून शेवटी त्यांनाच विचारी, भोक नेमकं होतं कुठं. मालक सुईला हात लावत नसत. ते दोन्ही हात खिशात घालून उभे राहत आणि चुका काढत.

त्या वर्षी मास्तरांच्या नखांची टोकं पापुद्र्यांसारखी सुटायला लागली. सुती कापडावर भागून जाई, पण रेशमावर बोट फिरलं की धागा अडकलाच. एकदा तर एक भोक बुजवता बुजवता त्यांनी शेजारी दुसरं पाडलं आणि तेही निमूटपणे बुजवलं. नेमकी तेव्हाच कुणाच्या तरी आजीची जुनी रेशमी शाल दुकानात आली. मालकांनी स्पष्ट सांगितलं की रेशमाची चिंधी दहाही बोटांवरून न अडकता गेली तर शाल मास्तरांची, नाहीतर पलीकडच्या गल्लीतल्या रफूवाल्याची. आज शाल गेली तर उद्या खिडकीजवळची जागाही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण विचारलं तर ते सांगत, अंगात कॅल्शियम कमी. झालं, जो तो डॉक्टर बनला. कुणी दूध पाजलं, कुणी गोळ्या आणल्या. मेहुणीने नखं कडक करणारं चकचकीत पॉलिश दिलं. मास्तर ते रात्री लावत आणि सकाळी दुकानात कुणी हसू नये म्हणून उग्र वासाच्या रिमूव्हरने पुसत. आठ दिवसांत नखं आणखीनच कोरडी पडली.

शेवटी मालकच त्यांना धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी बोटं भिंगाखाली धरली आणि विचारलं, हात पाण्यात किती वेळ असतात? जेवताना धुण्यापुरते, असं मास्तर म्हणाले. भांडी? ती बायको घासते. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"पायाची नखं दाखवा."

मास्तरांनी नाइलाजाने मोजे काढले. पायाची दहाही नखं गुळगुळीत, धडधाकट.

"दूध काय फक्त पायांनी प्यायलं?" बाई म्हणाल्या. "अंगातच काही कमी असतं तर पायावरही दिसलं असतं. हे सारखं भिजण्या-सुकण्याचं आणि साबणाचं काम आहे. खरं सांगा, भांडी कोण घासतं?"

मास्तर मालकांकडे पाहीनात. मग बांध फुटल्यासारखे बोलले. दोन वर्षांपूर्वी बायकोचं मनगट मोडलं तेव्हापासून भांडी तेच घासतात, कपडेही तेच धुतात, सोडा घातलेल्या पावडरीने, उघड्या हातांनी, दिवसातून सात-आठ वेळा. लाज वाटते ती कामाची नाही, दुकानातल्या चेष्टेची वाटते. मालकांना खोकल्याची उबळ आली.

बाईंनी पॉलिश आणि रिमूव्हर आधी बंद केलं. पाण्यात हात घालताना आत सुती आणि वर रबरी हातमोजे, आतले ओले झाले की लगेच बदलायचे. साबण सौम्य. हात धुतले की पुसून नखांना आणि कडांना व्हॅसलीन चोळायचं. नखं आखूड ठेवायची आणि बारीक कानशीने एकाच दिशेने घासायची. सुटलेला पापुद्रा पुन्हा चिकटत नाही, तो वाढून निघून जावा लागतो, टोकाला दोन-तीन महिने आणि पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात, असंही त्यांनी बजावलं.

सहा महिने कोण थांबतो? पण गंमत म्हणजे मालकांनी शालवाल्यांकडून तीन महिन्यांची मुदत मागून घेतली. मास्तर चक्रावले.

घरी बायकोने गुलाबी हातमोजे पाहिले आणि पोट धरून हसली. मोरीची खिडकी उघडी ठेवून गाणी म्हणत भांडी घासणाऱ्या माणसाचं गुपित सगळ्या गल्लीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही व्हॅसलीनची डबी रोज तीच मोरीच्या कट्ट्यावर उघडून ठेवी, आणि मास्तरांना त्याचं फार बरं वाटे.

तीन महिने भरायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी हात स्वच्छ पुसले, चिंधी घेतली आणि मालकांसमोर ती एकेका बोटावरून ओढली. अंगठ्यापाशी त्यांचा श्वास अडकला, चिंधी मात्र अडकली नाही. मालकांनी कपाट उघडून शाल त्यांच्या मांडीवर ठेवली. ठेवताना खिशातले हात बाहेर आले आणि शालीच्या काठाचा एक धागा त्यांच्या अनामिकेच्या नखाला अडकून सर्रकन वर आला.

मास्तरांनी तो हलक्या हाताने नखातून सोडवला, जागेवर बसवला आणि सुईत रेशीम ओवत शांतपणे म्हणाले,

"मालक, जरा पायाची नखं दाखवा."