आठ खणांची आठवी

चुडाव्याच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा आठवीचा वर्ग भुसार मालाच्या जुन्या कोठीत भरायचा. कोठी एका लिंगायत व्यापाऱ्याची. त्यांना गाव अप्पा म्हणे. दर साली अकरा महिन्यांची चिठ्ठी ते लिहून देत आणि म्हणत, "आमचा शब्द हाय की, कागद कशाला लांबवायचा?" मला तेव्हाही वाटायचं, एवढा मोकळ्या हाताचा माणूस कागदालाच का बिचकतो? चौकशीची खोड मला पहिल्यापासून. आई म्हणायची, याचं नाक सगळ्या चुलीत.

मग कायम मान्यतेचा अर्ज करायची वेळ आली. परभणीहून तपासणीचे साहेब आले. त्यांच्या आधी बांधकाम खात्याचे ओव्हरसियर येऊन तुळया ठोकून गेले होते. एक तुळई वाळवीनं खाल्लेली निघाली, ती संस्थेनं बदलली आणि मगच इमारत सुरक्षित असल्याचा दाखला हातात पडला. साहेबांनी टेप लावली. मुलामागं आठ चौरस फूट, खोली चारशेची, म्हणजे पन्नास मुलं. आमच्या पटावर बरोबर पन्नास. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पण साहेबांनी ग्रामपंचायतीचा घरांचा उतारा मागितला. आमच्याकडं घर मोजतात ते खणांनी, दोन तुळयांमधला एक भाग म्हणजे एक खण. कोठी होती आठ खणांची आणि उताऱ्यावर अप्पांच्या नावावर सहाच. उरलेले दोन त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचे. मधली भिंत कधीच पडलेली, त्यामुळं वर्ग एकसलग दिसायचा. आम्ही आठही खण अप्पांचेच धरून चाललो होतो. गाढवपणा, दुसरं काय!

"मालकानं नोंदणी करून दिलेला दहा वर्षांचा भाडेपट्टा पाहिजे," साहेब म्हणाले. "यांच्या सहा खणांत सदतीस मुलं बसतील. बाकीची तेरा काढा, नाहीतर दोन खणांच्या मालकाची सही आणा."

हेडमास्तर म्हणाले, शेवटी आलेली तेरा काढू. ती तेरा आमच्या बौद्धवाड्यातली होती. मीच घरोघर फिरून, मजुरी बुडते म्हणणाऱ्या बापांशी भांडून आणलेली, म्हणून उशिरा दाखल झालेली. आता मीच जाऊन त्यांना घरी बसा म्हणायचं? मला फार राग आला आणि तो कुणावर काढावा तेही कळेना.

अप्पांकडं गेलो, म्हणालो, भावाच्या बायकोची सही लागेल. "भावजयीचं काय नाव घेता गुरुजी, घरातली बाई ती," एवढं बोलून ते तागडीकडं वळले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अकरा महिन्यांच्या चिठ्ठीला नोंदणी लागत नाही, पण कागद नोंदवायचा म्हटलं की तिचं नाव लिहावं लागणार होतं.

ती बाई मागच्या परसात राहायची. एकटी, मूलबाळ नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं.

"माय, तुमच्या दोन खणांत तेरा लेकरं बसतात."

"कुणाची हायती?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "आमच्या वाड्यातली. माझ्यासारखीच."

ती शेंगा फोडत होती ती थांबली. मला वाटलं, संपलं.

"कागदावर माजं नाव येतंय का?"

"आधी ग्रामपंचायतीत वारस म्हणून लागंल. मग पट्ट्यावर, मालक म्हणून."

"आन् भावजी म्हनले, हे खण माजेच, तर?"

"सरकारी वहीत पट्टा नोंदलेला असंल, माय. लिहून देणारी तुमी, भाडं घेणारी तुमी. तसं म्हणणं त्यांना लय जड जाईल."

"दहा न्हाई. पंदरा लिवा," ती म्हणाली. "लेकरं बसायलीत तवर मला कुनी हालवनार न्हाई."

वारसाची नोंद व्हायला महिना गेला. अप्पा तेवढा महिना माझ्याशी बोलले नाहीत, पण आपल्या सहा खणांचा पट्टा द्यायला तेही आले. गावात नाही कसं म्हणणार? परभणीच्या नोंदणी कचेरीत बाकाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती, मध्ये आमचे संस्थेचे सेक्रेटरी अंग चोरून बसलेले. मी साक्षीदार.

तिचा पट्टा आला तसा कारकुनानं मजकूर भराभर वाचला, शाईची गादी पुढं सरकवली आणि विचारलं, "बाई, कबूल आहे ना?"

तिनं अंगठा पुढं केला नाही. "माजं नाव वाचलं तेवढं परत वाचा," ती म्हणाली.

कारकुनानं कंटाळून वाचलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आणि पुढं, दोन खणांची मालकीण.

"जरा मोठ्यानं," ती म्हणाली. "आमचे भावजी तिकडं बसलेत."