मास्तरांची रेंज गेली

फोन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली डॉक्टरीणबाई म्हणायची. दुकान नवऱ्याचं. तो गेल्यावर त्यांनी हातात स्क्रूड्रायव्हर घेतला, तेव्हा गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "मालक कुठायत?" आता मालकांना कुणी शोधत नाही.

त्या दिवशी दुपारी समोरचे शिंपीमास्तर आले, गळ्यात टेप तशीच लटकलेली.

"बाई, तासाभरापासून रेंज नाही. फोन गेला वाटतं."

बाईंनी सिम काढलं, पुसलं, दुसऱ्या फोनमध्ये घातलं. तिथंही तेच. शेजारच्या पानवाल्याचं कार्ड त्याच कंपनीचं, त्याला मात्र रेंज फुल्ल. म्हणजे फोन ठणठणीत होता आणि टॉवरही. मेलं होतं ते सिमच.

बाईंनी सिम हातातच धरून विचारलं, "मास्तर, दोन दिवसांत कुणाचा फोन आला होता?"

"काल आला ना. कंपनीचा माणूस. कागदपत्रं जुनी झालीत म्हणाला. मी ओळखपत्राचा फोटो पाठवला, जन्मतारीख सांगितली. भला वाटला."

"आणि मेसेज?"

"सकाळी आला. नवीन सिमची मागणी मिळाली, तुमची नसेल तर कळवा, असं काहीसं. मी शिवणावर होतो."

बाई उठल्याच. "मास्तर, तुमच्या नावानं कुणीतरी दुसरं सिम काढलंय. ते सुरू झालं म्हणून तुमचं बंद पडलं. आता बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातायत. पासवर्ड बदलायचा ओटीपीसुद्धा."

मास्तर मट्कन स्टुलावर बसले. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे त्याच खात्यात होते.

बाईंनी स्वतःच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. नंबर मास्तरांच्या एटीएम कार्डाच्या मागचा. पलीकडं रेकॉर्ड केलेला आवाज, एक दाबा, दोन दाबा. शेवटी माणूस बोलला. मास्तरांनी नाव-गाव सांगितलं. "दोन व्यवहार झालेत, तिसरा आत्ता येतोय," पलीकडचा म्हणाला. "खातं गोठवतो."

तिसरा अडकला.

बाईंनी शटर अर्धं ओढलं आणि दोघं सुटले. आधी फोन कंपनीच्या दुकानात. काउंटरवरचा म्हणाला, "उद्या या." बाई तिथंच ठाण मांडून बसल्या. "मी हलत नाही. आधी ते दुसरं सिम बंद करा." केलं त्यानं. वाटेतच फोनवरून सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली, मग बँकेत लेखी अर्ज.

दुसऱ्या दिवशी कळलं, पहिली रक्कम चोरानं काढून घेतली होती, दुसरी मात्र त्याच्याच खात्यात अडवली गेली होती. ती परत मिळायला दोन महिने लागले. पहिलीसाठी मास्तर अजून बँकेशी भांडतायत. खात्यात वाचलेल्या पैशांतून फी मात्र भरली गेली.

आता बाईंच्या दुकानात कुणी "रेंज गेली" म्हणालं, की त्या फोन उघडण्याआधी विचारतात, "शेजाऱ्याला आहे का?"