सागाने गिळलेली तार

थोरल्या काकांना आम्ही घरात ‘कुलूप’ म्हणायचो. त्यांच्या आणि माझ्या वडिलांच्या शेतामधल्या बांधावर त्यांनी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून आणलेले साग लावले. लागवडीच्या आठव्या वर्षी सख्ख्या भावाचं पाऊलही पडू नये म्हणून त्याच झाडांना खिळे ठोकून काटेरी तार ताणली. माणसाचं मन केवढं, तर खिळ्याएवढं!

पंचविसाव्या वर्षी लाकडाचा व्यापारी आला. छातीइतक्या उंचीवर टेप लावून घेर मोजताना तो खूश होता. मग सालीत घुसलेली तार त्याला दिसली.

“खालचे सहा-सात फूट सरपणात गेले म्हणा. खिळ्याला लागून करवतीचं पातं तुटतं. भारी माल नेमका तोच होता.”

“मग वरचं घ्या,” काका म्हणाले.

“वर बारीक लाकूड आणि गाठी. तोडल्यावर बुंध्याला धुमारे फुटतील, ते राखा. आणखी वीस-पंचवीस वर्षं.”

त्र्याहत्तर वर्षांचे काका बोटांवर वर्षं मोजू लागले.

सतरा वर्षं त्यांच्याशी न बोललेले माझे वडील तारेपलीकडून म्हणाले, “दादा, तार मात्र पक्की मारलीस हं. एकदाही ओलांडली नाही मी.”