पितृपक्षातला नंबर

मी हट्टी आहे, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरंय. त्या हट्टामुळेच माझा टेम्पो माझ्या हातात राहिला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा आखातात कामाला. खडवलीच्या भाजीवाल्यांचा माल पहाटे कल्याणच्या मार्केटला पोचवायचं मी ठरवलं, रीतसर ट्रान्सपोर्टचं लायसन काढलं आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी छोट्या टेम्पोची चासी घेतली. चासी म्हणजे नुसता सांगाडा. मागचा हौदा शहाडच्या कारखान्यात बांधून घ्यायचा होता. तोवर रस्त्यावर आणायला तात्पुरता नंबर मिळाला. मुदत एक महिना. तेवढ्यात गाडी ठाण्याच्या आरटीओत दाखवून कायमचा नंबर घ्यायचा. मुदत संपली की गाडी रस्त्यावर आणायची नाही. भाजीवाले मुदत संपल्यानंतरच्या सोमवारपासून माल द्यायला तयार होते. गाडी आली नाही तर दुसरा टेम्पो बघू, हेही त्यांनी सांगून ठेवलेलं.

हौदा चार दिवस आधी तयार झाला. पण श्रावणअखेरीचा महिना संपतो कुठे, तर पितृपक्षात! मुहूर्त बघून गाडी घेतली आणि महिना मोजायचं कुणाला सुचलं नाही, मलासुद्धा. त्यात शेवटचा दिवस म्हणजे नेमकी सासऱ्यांची तिथी.

"घटस्थापनेला आणू गाडी," मोठे दीर म्हणाले. ते घरातले कर्ते, आणि गाडीवर आपला ओळखीचा ड्रायव्हर बसवायचं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. "मुदत वाढवून मिळते. आपल्या शेजारच्यांच्या ट्रकला मिळालेली."

मी आरटीओची कामं करणाऱ्या एजंटकडे गेले. तो म्हणाला, "मिळते ताई, पण बॉडी बांधायला गाडी कारखान्यात अडकली असेल तर. तुमची तर तयार उभी आहे ना?"

"मग?"

"मग काय, कारखानेवाल्याकडून लिहून घ्या, अजून काम बाकी आहे म्हणून. देईल तो."

कारखानेवाला खरंच द्यायला तयार होता. या घोळात तीन दिवस गेले, आणि दिरांनी तर कागदही काढला. माझं डोकं फिरलं. रंग वाळलेला, कडीकोयंडा बसलेला, आणि मी काम बाकी आहे म्हणून सही करायची? कशासाठी, तर पंचांगासाठी! आणि तेवढ्या दिवसांत भाजीवाले गेले की गाडीवर ड्रायव्हर बसवायला दीर मोकळे.

"मी उद्या ठाण्याला जाणार," मी सांगितलं.

"बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी? लाज आहे का काही?"

लाज होती. सासऱ्यांचा माझ्यावर जीव होता, आणि त्यांच्या पानाला मी घरात नसणार याचं मला रात्रभर वाईट वाटलं. तरी पहाटे उठून खीर, वडे, भाजी सगळं केलं, सासूबाईंना सांगितलं आणि निघाले. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं दिरांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

शहाडहून रिकामी गाडी काढली, भिवंडीवरून माजिवड्याला आले. पोलिसाने अडवलं, तात्पुरत्या नंबरचा कागद बघितला. "आज शेवटचा दिवस आहे, बाई."

"म्हणूनच आज निघालेय," मी म्हटलं.

आरटीओत एरवी रांग असते म्हणे. त्या दिवशी तिथे शुकशुकाट होता. नव्या गाडीचा नंबर घ्यायला पितृपक्षात कोण मरायला येतंय! इन्स्पेक्टरने चासी नंबर, इंजिन नंबर ताडून पाहिला, हौद्याची मापं घेतली, दिवे लावायला सांगितले, विमा आणि कारखान्याचं प्रमाणपत्र बघितलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "ड्रायव्हर कुठेय?"

"तुमच्यासमोर."

त्याने माझं लायसन उलटंसुलटं करून पाहिलं आणि गाडी पास केली. संध्याकाळच्या आत नंबर मिळाला. बाहेरच्या पेंटरकडून मी तो तिथेच रंगवून घेतला. पाटी ओली होती म्हणून अर्धा तास गाडीपाशी उभी राहिले, आणि खोटं कशाला सांगू, थोडी रडले.

घरी पोचले तेव्हा दीर ओट्यावरच बसलेले. पाटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"असल्या दिवशी नंबर आणलेल्या गाडीवर माझा माणूस बसणार नाही," ते म्हणाले.

"त्याला बोलावलंय कुणी?"

ते उठून आत गेले. सासूबाई दारात आल्या. माझं पान त्यांनी झाकून ठेवलेलं. मी हातपाय धुऊन बसले, त्यांनी खीर वाढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडीबद्दल तोंड उघडलं.

"सोमवारी किती वाजता निघायचंय तुला?"

"साडेतीनला."

"मग तीनला चहा टाकते," त्या आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.