मामांची उंची

दिवाळीच्या आधी तासगावच्या एका फोटो स्टुडिओत माझ्या मामांना मोठं करण्यात आलं आणि त्याच दिवशी थोडं लहानही.

त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या सगळ्या घरच्यांच्या फोटोत मामा फार मागे, बेदाण्याच्या शेडजवळ एकटे उभे होते. नव्या घरात लावायच्या फोटोत ते आपल्या शेजारीच हवेत, असा मामींचा हट्ट होता. स्टुडिओवाल्याने मामांना कापून पुढे आणलं, पाय मामींच्या पायांच्या रेषेत ठेवले आणि सवयीप्रमाणे नवऱ्याला बायकोपेक्षा उंच केलं.

मामी म्हणाल्या, "हे आमचे न्हाईत. तोंड बघ, माझ्या दीडपट झालंय!"

"राहू दे की," मामा म्हणाले, "लय वर्सांनी वाढलोय."

"आवं, पाव्हणे काय म्हणतील? उंची दिसू नये म्हणूनच मागं उभं राहिला हुता न्हवं?"

स्टुडिओवाल्याने मामांचा चेहरा मामींच्या चेहऱ्याएवढा होईपर्यंत त्यांना लहान केलं आणि पाय पुन्हा त्याच रेषेत टेकवले. डोकं मामींच्या कानाशी आलं. मोठं केल्याने मामा जरा अस्पष्ट दिसत होते, म्हणून त्याने मामींचीही धार थोडी कमी केली.

"आता हाईत," मामी म्हणाल्या.

"मग फेटा तरी चढव गड्या," मामा म्हणाले.

त्याच लग्नातल्या दुसऱ्या फोटोतून फेटा आणून मामांच्या डोक्यावर बसवला. फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. फेट्याचा तुरा मामींपेक्षा चार बोटं वर आहे.