फणसपोळीचं ताट

"तिलाच पुढे उभी करू. इंग्लिश मीडियमची आहे, लोक थांबतील."

काका फोरमनशी बोलत होते आणि मी पार्टिशनच्या अलीकडे कोटेशन टाइप करत होते. आमचा कारखाना पंपांत फिरणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, आणि त्यांना आधार देणारे बुश बनवतो. पुण्याच्या यंत्रप्रदर्शनात काकांनी यंदाही स्टॉल घेतला होता. तिथे मी काय करायचं, हे मला न विचारता ठरत होतं. ऐकू येत असूनही मी टाइप करत राहिले. घरात आणि कारखान्यात मला गप्प राहणं एवढंच नीट जमतं.

गेल्या वर्षी स्टॉलच्या तोंडाशी काकूंच्या फणसपोळीचं ताट होतं. "कोकणातनं जाऊन माणसाला कोरडा पाठवायचा?" असं काकांचं म्हणणं. खोक्यात व्हिजिटिंग कार्ड टाका, पोळी घ्या. गर्दी उसळली, कार्डांनी खोका भरला. काका येताना गाडीत गुणगुणत होते.

पुढचे कित्येक महिने मी त्या खोक्याला बांधलेली होते. फोन लावायचा, नाव सांगायचं, ओशाळायचं. कॉलेजची मुलं, विमा एजंट, आमच्यासारखेच शाफ्ट करणारे. एक बाई म्हणाल्या, "फणसपोळीवाल्या ना तुम्ही? पार्सल पाठवता?" तळाशी एका पंप कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचं कार्ड निघालं. त्यांची ऑर्डर तोवर कोल्हापूरला गेली होती. "मी आलो होतो तेव्हा कुणी काही विचारलंच नाही," ते म्हणाले. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "नशीब गो."

यंदा नशिबावर सोडण्यासारखं नव्हतं. संगणकावर चालणारं नवं सीएनसी मशीन कामाअभावी अर्धा दिवस बंद असायचं. या प्रदर्शनातून काम आलं नाही, तर दुसरी पाळी बंद करायची, हे काकांनी फोरमनना सांगून ठेवलं होतं. हातखंब्याकडून येणाऱ्या ऑपरेटरांना ते अजून माहीत नव्हतं. रोज ते मला हसून "येतो ताई" म्हणायचे, आणि मी मान खाली घालायचे.

काकांनी मला आत बोलावलं. कागदावर स्टॉल काढला होता: पुढे ताट, ताटामागे मी, शाफ्ट मागच्या काचेच्या कपाटात.

"आणि फोरमनकाका?" मी विचारलं.

"मी इथे मशीन बघतो," फोरमन म्हणाले. "टेक्निकल काय विचारलंनी तर फोन कर."

मोबाइलमध्ये स्टॉलवर येणाऱ्यांना विचारायचे माझे प्रश्न तयार होते: कोणता भाग लागतो, त्याचं मापांचं ड्रॉइंग आहे का, वर्षाला किती नग, कधीपासून, निर्णय कोण घेतं. कुणाला दाखवले नव्हते.

"काय गो, चालेल ना?" काकांनी कागदाची घडी घालायला घेतली. मी मान हलवणार, हे त्यांनी धरलेलंच होतं.

खिडकीबाहेर दुसऱ्या पाळीच्या मोटरसायकली लागत होत्या.

"नाही, काका. ताट मागे, शाफ्ट पुढे. पोळी देऊच, पण ज्याला खरंच शाफ्ट हवेत त्याला बसवून, ड्रॉइंग बघत. आणि ड्रॉइंग वाचायला फोरमनकाका येणार नसतील, तर मीही येत नाही."