ब्रेक मऊ लागतो

आमच्या परदेशीपुऱ्यातल्या ड्रायव्हिंग स्कूलला कुणी पत्र लिहीत नाही. तक्रार असली तर लोक काउंटरवर येऊन भांडतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतात, आणि त्यातली दोन मिनिटं मागे कुणाच्या तरी मिक्सरचा आवाज असतो. म्हणून नऊ तारखेला सकाळी टेबलावर रेघांचा कागद दिसला, वर उजवीकडे तारीख, खाली डावीकडे ‘संचालक महोदया यांस’, तेव्हा मला आधी वाटलं की नगर निगमची नोटीस आली. मग अक्षर बघितलं. इतकं सुंदर अक्षर नोटिशीला नसतं.

पत्र चारुलता फणसे यांचं होतं. बाई साठीच्या जवळ आलेल्या, तीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. आमच्याकडे गाडी शिकायला येत होत्या. त्यांनी लिहिलं होतं:

‘आपल्या संस्थेतील माझ्या तिन्ही मॉक टेस्टचे निकाल असे: वीसपैकी नऊ, आठ, सात. उत्तीर्ण होण्यास चौदा लागतात. माझी प्रगती कोणत्या दिशेला चालली आहे हे सांगायला गणित यावं लागत नाही. तिन्ही वेळा मी रिव्हर्समध्ये मागच्या ड्रमला धडकले. दि. २२ रोजी आरटीओची टेस्ट आहे व माझं लर्निंग लायसन्स दि. २८ रोजी संपतं. नापास झाल्यास सात दिवस थांबावं लागतं, म्हणजे मला संधी एकच आहे. तरी जादा शिकवणी मिळावी, ही विनंती. शिकवणाऱ्या सरांचा यात दोष नाही. सर फार चांगले आहेत.’

पुढे एक परिच्छेद होता, तो मी दोनदा वाचला. त्यांच्या यजमानांना, प्रतापरावांना, काचबिंदू झालेला. दिवाळीपासून गाडी बंद. नोकरीत असताना ते शहराबाहेर हातोदच्या धान्य मंडीत होते. त्यांची मोठी बहीण, इंदिराआक्का, अजून हातोदलाच राहते. पंचवीस वर्षं दर गुरुवारी भाऊ बहिणीकडे जेवायला जायचा, स्वतः गाडी चालवत. आता दिसत नाही म्हटल्यावर जाणंच सोडलं. बस नको, टॅक्सी नको. ‘दुसऱ्याच्या गाडीतून सामानासारखा जाणार नाही,’ म्हणतात. घराणं होळकरांच्या दरबारातलं. दरबार गेला, ताठा राहिला. शेवटी बाईंनी कबूल करून घेतलं होतं: बाईंना लायसन्स मिळालं तर गाडी ठेवायची आणि गुरुवारी बाईंच्या शेजारी बसून जायचं. नाही मिळालं तर गाडी महिनाअखेरीला विकायची.

‘आक्का शहाऐंशीच्या आहेत,’ एवढंच लिहून त्यांनी तो परिच्छेद संपवला होता.

आणि अगदी शेवटी, ताजा कलम: ‘सरावात ब्रेक मऊ लागतो, टेस्टच्या दिवशी कडक लागतो. गाडी तीच असते. काही बिघाड असल्यास पाहावा.’

आता पांडुरंग भियांबद्दल (आमच्याकडे भाऊला भिया म्हणतात) सांगायला हवं, कारण फणसेबाईंचे ‘सर’ म्हणजे तेच. माझ्या सासऱ्यांनी स्कूल काढलं तेव्हापासून, एकोणतीस वर्षं, ते आमच्याकडे शिकवतात. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, हा माणूस टेम्पो चालवायला लागला आणि तिथून आमच्याकडे आला. बोलणं इतकं गोड की शिकणाऱ्याने गाडी फुटपाथवर चढवली तरी म्हणणार, ‘बढिया! आता जरा उतरवू या.’ शिकणाऱ्यावर रागावणं त्यांना जमतच नाही. त्यांच्या वाट्याचं मी रागावते. आणि एका गोष्टीचा त्यांना भयंकर अभिमान: एकोणतीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या गाडीला एक ओरखडा नाही. रोज सकाळी गाडी पुसतात ती तान्ह्या पोराला पुसावं तशी.

मॉक मात्र ते घेत नाहीत. आमच्याकडे सासऱ्यांचा नियम आहे: ज्याने शिकवलं त्याने तपासायचं नाही. मॉक घेतो भूषण, दुसरा इन्स्ट्रक्टर. तो शेजारी बसतो, हातात कागद, पाय लांब आणि चेहरा दगडाचा.

मी पत्र वाचून दाखवलं. ब्रेकचं वाक्य आलं आणि पांडुरंग भिया ताडकन उभे राहिले.

‘माझ्या गाडीचा ब्रेक? ताई, मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केली ना यार!’

‘मग दाखवून या.’

‘दाखवतो ना. आत्ता दाखवतो. मॅडमजींना टेस्टचं टेन्शन आहे, बस. एक्स्ट्रा क्लास द्या, मी देतो, सुट्टीच्या दिवशी पण देतो. पण ब्रेक?’

गेले तणतणत. तासाभराने मेकॅनिकला घेऊनच परत आले, जणू मी साक्षीपुरावा मागितला होता. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक एकदम चकाचक. पांडुरंग भियांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. गणिताची बाई उगीच लिहिणार नाही, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जादा शिकवणीला मी मागच्या सीटवर जाऊन बसले, बाईंच्या पाठीमागे. तिथून डावीकडचं पायाजवळचं सगळं दिसतं. शिकवायच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. इन्स्ट्रक्टरने तिकडून ब्रेक दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो.

मैदानात चुन्याच्या रेघा, टोकाला रिकामे ड्रम. बाईंनी रिव्हर्स टाकला, मान वळवली, गाडी हळूहळू मागे. फार छान मागे घेतली, अगदी रेघेत. ड्रम चार हातांवर आला. आणि मी बघितलं: पांडुरंग भियांचा उजवा पाय अलगद उचलला गेला आणि ब्रेकवर टेकला. गाडी थांबली. बाईंचा पाय त्यानंतर पोहोचला, आधीच खाली गेलेल्या ब्रेकवर.

‘बढिया!’ पांडुरंग भिया म्हणाले. ‘बघा ताई, कशा थांबवतात! काही प्रॉब्लेमच नाही.’

खोटं बोलत नव्हते हो. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी आणखी तीनदा करायला लावलं, तिन्ही वेळा तोच पाय, तेवढाच अलगद. बाईंना आजवर गाडी थांबवावी लागलीच नव्हती. भूषण शेजारी बसला की पाय येत नव्हता, ब्रेक कडक लागत होता आणि ड्रम वाजत होता.

मला आधी राग आला. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तो कौतुकाने फुललेला चेहरा, आणि राग कुठच्या कुठे गेला. पण सांगणं भाग होतं.

‘पांडुरंग भिया, गाडी तुम्ही थांबवताय.’

‘मी? नाही हो!’

‘खाली बघा.’

त्यांनी खाली बघितलं. पाय अजून तिथेच होता. त्यांनी तो उचलून मागे घेतला. मग बाईंकडे वळून म्हणाले, ‘मॅडमजी, माझ्यामुळे झालं हे.’ एकोणतीस वर्षांचा बिनओरखड्याचा हिशोब त्या क्षणी त्यांना कळला असावा. किती जणांसाठी तो पाय असा उठला असेल! मलाच गलबलून आलं.

फणसेबाई मात्र खूश दिसल्या. ‘म्हणजे बिघाड होता,’ त्या म्हणाल्या. ‘सापडला. आता सोडवू या.’

पुढचे चार दिवस पांडुरंग भियांनी ठरवलं की पाय मागे ठेवायचा. ठेवायचेही. ड्रम जवळ आला की पाय आपला निघालाच! सवय ती, ती काय विचारून येते? बाईंनी थांबवायच्या आधी हा माणूस थांबवून मोकळा. पाचव्या दिवशी माझा पारा चढला.

‘चपला काढा,’ मी मागून म्हटलं. ‘पाय वर घ्या. मांडी घाला.’

‘ताई, सीटवर?’

‘जेवायला बसता तशी. इथे रस्ता नाही, मैदान आहे, गाडी मुंगीच्या चालीने जातेय. कुणी मरत नाही.’

बासष्ट वर्षांचा माणूस गाडीच्या सीटवर मांडी घालून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पट्टा लावलेला. बाईंनी रिव्हर्स टाकला. ड्रम जवळ आला. पांडुरंग भियांनी डोळे मिटले. आणि धडाम!

उतरून बघितलं. बंपरला वीतभर ओरखडा. पांडुरंग भियांनी त्यावरून बोट फिरवलं, दोनदा. बाई कानकोंड्या झाल्या. म्हणाल्या, ‘सर, मी भरून देते.’

‘राहू द्या मॅडमजी,’ ते म्हणाले. ‘गाडीला लागलं ना. आता कळेल कुठे थांबायचं ते. चला, परत.’

ते पुन्हा मांडी घालून बसले. त्या दिवशी ड्रम आणखी दोनदा वाजला. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी एकदाही नाही. एकवीस तारखेला भूषणने दगडी चेहऱ्याने मॉक घेतली आणि वीसपैकी सतरा दिले; भूषण देतो म्हणजे ते खरे सतरा असतात.

बावीसला आरटीओत पांडुरंग भियांना ट्रॅकच्या बाहेर थांबावं लागलं. मीही गेले होते, स्कूल बंद ठेवून; कुणाला सांगू नका. बाई रिव्हर्सला लागल्या तेव्हा पांडुरंग भिया जाळीला धरून उभे होते. मी त्यांच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता, घट्ट. पण गाडी आत होती आणि हा पाय बाहेर. गाडी ड्रमच्या आधी थांबली, आपली आपण. पांडुरंग भियांनी तोंडावर रुमाल धरला आणि म्हणाले, धूळ फार आहे इथे.

ओरखडा अजून बंपरवर आहे. रंगवून घ्या म्हटलं तर म्हणतात, रंगवू ना, एवढी काय घाई आहे. शिकवताना मांडी घालत नाहीत आता, रस्त्यावर चालायचंच नाही ते. पण मैदानात गेले की चपला काढतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक रेघांचा कागद आला. यावेळी पाकिटावर पांडुरंग भियांचं नाव होतं, पण वाचायला त्यांनी माझ्याकडेच दिला. चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा खिशात होता.

‘आदरणीय सर, गुरुवारी हातोदला जाऊन आलो. आक्का फाटकापाशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या, सकाळपासून. हे शेजारच्या सीटवर होते. त्यांना रस्ता दिसत नाही, पण पंचवीस वर्षांत पाठ झालेला आहे. प्रत्येक वळणाला, मंडीला निघालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या आवाजाला त्यांचा पाय खाली ब्रेक शोधत होता. घामाने भिजले होते. वाटेतल्या गांधीनगरच्या पुढे मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना म्हटलं, चपला काढा, मांडी घाला. आधी रागावले. मग घातली. मग हातोद आलं तेव्हा विचारलं, पुढच्या गुरुवारी किती वाजता निघायचं.’